घरात दुःख घडल्यावर ठरलेली भेट पुढे कशी ढकलावी

समजा, तुमची बाग देवगडला आहे. गुरुवारी १४ तारखेला सकाळी ११ वाजता पुण्याचे व्यापारी आंब्याचा दर ठरवायला येणार आहेत आणि मंगळवारी १२ तारखेला पहाटे तुमचे काका वारले.

आधी फोन करा. समोरचा माणूस घाट उतरून येणार आहे. त्याने गाडी, मुक्काम ठरवलेला असतो. मेसेज त्याने कधी वाचला, कळत नाही. तुम्हाला बोलणं जमत नसेल तर चुलतभावाला सांगा, यात कुणी वावगं मानत नाही. फोन लागला नाही तर लगेच मेसेज टाका, तोही गावाकडे निघण्याआधी. वाडीत रेंज मिळेलच असं नाही.

मग नवी तारीख. इथे घाईत चूक होते: लोक "पुढच्या आठवड्यात भेटू" म्हणतात आणि नेमका तेव्हा दहावा-अकरावा येतो. मृत्यूचा दिवस पहिला धरला तर १२ तारखेपासून दहावा दिवस २१ला आणि तेरावा २४ला, रविवारी येतो. पाहुणे परतायला एक दिवस सोडून मंगळवार, २६ तारीख सुचवा. सुतक आणि दिवसकार्य घराघरात वेगळं असतं, म्हणून आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्या.

मेसेज एवढाच पुरे:

"नमस्कार साहेब. माझ्या काकांचे आज पहाटे निधन झाले. त्यामुळे गुरुवारी, १४ तारखेची आपली भेट पुढे ढकलावी लागत आहे. मंगळवारी २६ तारखेला सकाळी ११ वाजता आपल्याला सोयीचे होईल का? तोपर्यंत बागेचे काही काम असल्यास माझा धाकटा भाऊ विनायक याच्याशी बोलावे, त्याचा नंबर खाली देत आहे. आपली गैरसोय होत आहे, क्षमस्व."

आजारपण, हॉस्पिटल, शेवटचे दिवस यातलं काही लिहू नका. ते वाचून समोरच्याला काय उत्तर द्यावं सुचत नाही आणि तारखेचा मुद्दा मागे पडतो. नातं मात्र स्पष्ट लिहा. "घरगुती अडचण" एवढंच लिहिलं, तर तुम्ही दुसऱ्या व्यापाऱ्याशी बोलताय अशी शंका येऊ शकते, आणि नंतर खरं कळल्यावर त्यालाच वाईट वाटतं. क्षमा एकदाच मागा.

उत्तरात "भावपूर्ण श्रद्धांजली" आलं तर "आभारी आहे" एवढं पुरे. त्याच वेळी दराचं बोलणं काढू नका.

आंबा मात्र थांबत नाही. तयार फळ उतरवून पेटीत भरावंच लागतं, त्यामुळे व्यापारी म्हणाला, "पहिला माल तरी पाठवा," तर ते रास्त आहे. तोडणी आणि पेट्यांचं काम विनायक बघेल असं सांगा. दर ठरेपर्यंत या पेट्यांचा हिशेब कोणत्या भावाने धरायचा, एवढं व्यापाऱ्याकडून मेसेजवर लिहून घ्या. सविस्तर बोलणं २६ला. २५ला संध्याकाळी एक ओळ पाठवून वेळ पक्की करून घ्या.