पिकिंगमधली चूक नेमकी कुठे होते? कागदी यादी, आवाज आणि दिवा

भिवंडीतील औषधांच्या एका गोदामात मी पिकर म्हणून, म्हणजे ऑर्डरीप्रमाणे रॅकवरून माल काढणारा म्हणून लागलो आणि पुढे त्याच मजल्याचा सुपरवायझर झालो. या काळात मी तिन्ही पद्धतींनी माल काढला: आधी छापील पिक लिस्टवरून, मग कानाला हेडसेट लावून आणि शेवटी बिनखाली, म्हणजे माल ठेवण्याच्या कप्प्याखाली, पेटणाऱ्या दिव्यांवरून. या क्षेत्रात नव्याने येणारे बहुतेक जण ‘यातली सर्वांत अचूक पद्धत कोणती’ असे विचारतात. माझ्या मते त्याआधी ‘आपल्याकडे चूक कोणत्या प्रकारची होते’ हे पाहायला हवे, कारण प्रत्येक पद्धत वेगळी चूक पकडते आणि वेगळी चूक निसटू देते.

आधी एक साधा हिशोब पाहू. ऑर्डरमधल्या प्रत्येक मालाच्या नोंदीला ओळ म्हणतात. समजा १००० ओळी काढताना ४ चुकल्या, तर अचूकता ९९.६ टक्के होते आणि कागदावर ती चांगली दिसते. पण एका ऑर्डरमध्ये १० ओळी असतील, तर पूर्णपणे बिनचूक जाणाऱ्या ऑर्डरी १०० पैकी साधारण ९६ च राहतात. उरलेल्या चार दुकानदारांचे फोन आम्हाला येत असत. म्हणून आम्ही पॅकिंग टेबलावर एक वही ठेवली आणि तिच्यात चार रकाने आखले: चुकीचा माल, चुकीची संख्या, राहून गेलेली ओळ आणि चुकीचा बॅच. प्रत्येक चुकीसमोर ती कोणत्या बिनमध्ये झाली हेही लिहायचे असा नियम केला. पुढचे सगळे निर्णय या वहीवरूनच झाले.

कागदाच्या काळातील एक चूक मला तपशीलवार आठवते. एकाच गोळीच्या २५० आणि ५०० मिलिग्रॅमच्या स्ट्रिप्स चौदाव्या रॅकच्या तिसऱ्या आणि चौथ्या कप्प्यात शेजारी शेजारी होत्या, आणि दोन्ही खोक्यांचा रंग एकच होता. पिकरने यादी वाचली, कप्पा व संख्या लक्षात ठेवली, यादी ट्रॉलीवर ठेवून दोन्ही हातांनी माल काढला आणि अशा पाच ओळी झाल्यावर पाचही टिका एकदम मारल्या. २५० च्या जागी ५०० ची स्ट्रिप गेली, तरी टीक व्यवस्थित होती. टीक म्हणजे काम झाल्याची खूण असते, ते बरोबर झाल्याची नव्हे. याच वहीत दुसरी मोठी चूक एककाची निघाली. यादीत फक्त ‘१०’ छापलेले असे, आणि ते दहा स्ट्रिप्स की दहा बॉक्स हे पिकरला अंदाजाने ठरवावे लागे. आम्ही यादीत लोकेशन सर्वांत आधी आणि मोठ्या अक्षरात आणले, संख्येपुढे एकक पूर्ण शब्दात छापले, ओळी चालण्याच्या क्रमाने लावल्या आणि प्रत्येक ओळीनंतर लगेच टीक मारण्याचा नियम केला. एककाची चूक जवळपास थांबली. शेजारच्या कप्प्यात हात जाण्याची चूक मात्र कमी झाली तरी थांबली नाही, कारण यादी पाहणे आणि माल पाहणे या दोन वेगळ्या क्रिया होत्या व त्यांच्यामध्ये माणसाची स्मरणशक्ती होती.

आवाजाच्या पद्धतीत हाच दुवा बदलतो. यंत्र कानात रॅक आणि कप्पा सांगते. पिकरने तिथे जाऊन कप्प्यावर चिकटवलेला दोन अंकी चेक डिजिट वाचून बोलायचा. तो जुळला तरच यंत्र संख्या सांगते, आणि माल काढल्यावर पिकर ती संख्या परत बोलतो. हात आणि डोळे दोन्ही मोकळे राहतात. आमच्याकडे यंत्र हिंदीतून बोलत असे, आणि सुरुवातीला ‘सात’ व ‘साठ’, ‘उनसठ’ व ‘उनहत्तर’ यांत घोळ होई. प्रत्येक आकडा सुटा बोलायचा असे ठरवल्यावर तो मिटला. ज्या दोन कप्प्यांत आमची चूक होत असे, तिथे तिसऱ्याचा डिजिट ७२ आणि चौथ्याचा १५ होता; चुकीच्या कप्प्यासमोर उभा राहिलेला पिकर पुढे सरकूच शकत नव्हता.

पण दोन-तीन महिन्यांनी त्याच चुका पुन्हा वहीत दिसू लागल्या. अनुभवी पिकरना रोजच्या कप्प्यांचे डिजिट पाठ झाले होते आणि ते चालता चालताच बोलत होते. हे ओळखण्याची खूण अहवालात असते: लोकेशन सांगितल्यापासून डिजिट बोलेपर्यंतचा वेळ तिथवर चालत जाण्याच्या वेळेपेक्षा कमी असेल, तर डिजिट वाचलेला नाही. उपाय एकच, जास्त खपाच्या कप्प्यांचे डिजिट ठरावीक काळाने बदलणे. स्टिकर आणि प्रणाली दोन्ही एकाच वेळी बदलायला हवेत. दुसरी मर्यादा अशी की यंत्राने ‘बारह’ म्हटल्यावर पिकरही न मोजता ‘बारह’ म्हणू शकतो. औषधांसाठी आम्ही बॅच क्रमांकातील शेवटचे तीन आकडे बोलण्याची पायरी जोडली. प्रत्येक ओळीला काही सेकंद जास्त लागले, पण त्या आकड्यांसाठी खोके हातात घेऊन वाचावेच लागते, आणि म्हणून ती पायरी मला सर्वांत मोलाची वाटते.

दिव्यांची पद्धत वेगात सर्वांत पुढे आहे. क्रेट समोर आला की ज्या बिनमधून माल काढायचा तिथला दिवा पेटतो, शेजारी संख्या दिसते, आणि माल काढून बटण दाबले की दिवा विझतो. ओळ राहून जाणे जवळपास अशक्य होते, कारण पेटलेला दिवा डोळ्यांसमोरच असतो. मात्र बटण दाबले गेले एवढेच यंत्राला कळते. हात कोणत्या बिनमध्ये गेला हे कळत नाही. आमच्याकडे दिव्यांची पट्टी दोन कप्प्यांच्या मधोमध होती, आणि नवीन पिकरना दिवा वरच्या बिनचा की खालच्या, हे समजत नसे. वहीत चुकीचा माल प्रत्येक वेळी वरच्या किंवा खालच्या शेजाऱ्याचाच निघाला, तेव्हा कारण सापडले आणि पट्टीवर बाण लावले. काही जण सवयीने आधी बटण दाबून मग माल उचलत; मध्येच कोणी हाक मारली की माल उचलायचाच राहून जाई. एका बिनमध्ये दोन बॅच मिसळले असतील, तर दिवा त्यांतला योग्य बॅच दाखवू शकत नाही.

खर्चाचे गणितही अचूकतेशी जोडलेले आहे. दिवे प्रत्येक बिनला लागतात, हेडसेट प्रत्येक माणसाला. म्हणून थोड्या जागेत रोज हलणारा माल असेल तिथे दिवे परवडतात, आणि पसरलेल्या रॅकमध्ये आवाज. आम्ही दिव्यांचा पट्टा एका बिनमध्ये एकच बॅच ठेवता येईल अशा मालापुरता ठेवला, उरलेला मजला आवाजावर चालवला, आणि छापील यादी सर्व्हर बंद पडण्याच्या वेळेसाठी तयार ठेवली.

तिन्ही पद्धतींच्या आवाक्याबाहेरची एक चूक शेवटपर्यंत वहीत येत राहिली. माल भरणाऱ्यानेच ५०० चे खोके २५० च्या कप्प्यात ठेवले, तर यादी, डिजिट आणि दिवा हे सगळे बरोबर असूनही ग्राहकाकडे चुकीचा माल जातो, आणि एकाच बिनमधून एकाच दिवशी अनेक ऑर्डरी चुकतात. वहीत एका बिनचा क्रमांक सकाळपासून दोनदा आला की मी पिकरला काही न विचारता आधी त्या बिनमधले प्रत्येक खोके काढून पाहत असे. पुढे माल भरतानाही कप्प्याचा आणि खोक्याचा बारकोड एकापाठोपाठ स्कॅन करणे आम्ही बंधनकारक केले.