कन्नडमधला माती अहवाल आणि सोयाबीनचा खताचा डोस

मिरगाच्या तोंडावर निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागातले बरेच शेतकरी माती तपासणीचं कार्ड हातात घेऊन खताच्या दुकानात उभे असतात. कार्ड कन्नडमध्ये छापलेलं असतं. बोलण्यापुरतं कन्नड सगळ्यांना येतं, पण कार्डावरचे शब्द बोलण्यातले नसतात. ‘सारजनक’ म्हणजे नत्र, ‘रंजक’ म्हणजे स्फुरद आणि पोटॅश तेच आपलं पालाश. ‘सावयव इंगाल’ हा सेंद्रिय कर्ब, ‘गंधक’ आपलाच गंधक, ‘सतु’ जस्त, ‘कब्बिण’ लोह आणि ‘रससार’ म्हणजे सामू. आकड्यापुढे ‘कडिमे’ असेल तर कमी, ‘हेच्चु’ असेल तर जास्त. एवढे शब्द आले की अर्धं कार्ड वाचता येतं.

आकडे वाचायच्या आधी सर्व्हे नंबर बघा. सरकारी योजनेत नमुना प्रत्येक शेतातून घेतला जातोच असं नाही. बागायत भागात अडीच हेक्टरला एक आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक असा नमुना घ्यायची पद्धत आहे. म्हणजे तुमच्या नावाच्या कार्डावरची माती शेजारच्या शेतातलीही असू शकते. तुमचं रान काळं आणि नमुना माळाच्या तांबड्या मुरमाड पट्ट्यातला असेल, तर त्या डोसावर खत विकत घेऊ नका. स्वतः नमुना काढा. पेरणीला अजून पंधरा-वीस दिवस असतील तर वेळ आहे. रानात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा घ्या, त्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत खरवडा, सगळी एकत्र मिसळा आणि त्यातली अर्धा किलो द्या. बांधाकडेची, झाडाखालची आणि शेणखताचा ढीग होता तिथली माती घेऊ नका.

आता एक अहवाल वाचू. निपाणीजवळच्या काळ्या रानाचा आहे, क्षेत्र एक एकर, आधी उसाचा खोडवा होता आणि आता सोयाबीन करायचं आहे. सामू ८.१, म्हणजे चुनखडीकडे झुकलेली जमीन. सेंद्रिय कर्ब ०.४६ टक्के आहे. अर्ध्या टक्क्याखाली तो कमीच धरतात, आणि खोडव्याचा पाला दर वर्षी जाळला की तो असाच उतरतो. नत्र हेक्टरी २१० किलो; २८० च्या खाली असल्यामुळे कमी. स्फुरद ९ किलो, तोही कमी. पालाश ३९० किलो, भरपूर, आपल्या काळ्या रानात बहुतेक वेळा तसाच निघतो. गंधक ७ पीपीएम, हवा किमान १०. जस्त ०.४२ पीपीएम, हवं किमान ०.६.

खाली शिफारस आहे: ५०:१००:१९. सोयाबीनचा नेहमीचा डोस हेक्टरी ४०:८०:२५. जो घटक कमी आहे तो पाव हिश्शाने वाढवला आणि जो जास्त आहे तो पाव हिश्शाने कमी केला, असा हा आकडा तयार झाला.

सगळ्यात जास्त चुका याच आकड्यात होतात. ५०:१००:१९ हे खताचे किलो नव्हेत. ते नत्र, स्फुरद आणि पालाश या अन्नद्रव्यांचे किलो आहेत, तेही हेक्टरी. या शेतकऱ्याने गेल्या वर्षी असाच एक अहवाल वाचून एकरी ५० किलो युरिया आणि १०० किलो डीएपी टाकलं होतं. हिशेब करून पाहिला तर युरियातून २३ आणि डीएपीतून १८, म्हणजे ४१ किलो नत्र एकरात पडलं. अहवालाला अपेक्षित होतं २०. सोयाबीन कमरेएवढं वाढलं, हिरवंगार दिसलं, पण लोळलं आणि शेंगा वरच्यावरच लागल्या. पीक बघून मलाही वाईट वाटलं, कारण खतावरचा खर्च त्याने मनापासून केला होता.

गुंठ्यात मोजायची आपली सवय इथे उपयोगी पडते. एक हेक्टर म्हणजे जवळजवळ १०० गुंठे. एकर ४० गुंठ्यांचा, म्हणून हेक्टरच्या आकड्याला अडीचने भागायचं. ५०:१००:१९ चं एकरी साधारण २०:४०:७.५ होतं. आता पोत्यावरची टक्केवारी घ्या. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के, म्हणजे ४० किलो स्फुरदाला २५० किलो, पाच पोती. युरियात नत्र ४६ टक्के. २० किलोला साडेत्रेचाळीस किलो, म्हणजे ४५ किलोचं एक पोतं. म्युरेट ऑफ पोटॅश ६० टक्क्यांचं, ते साडेबारा किलो पुरे. पाव पोतंच लागतं.

सुपरऐवजी डीएपी घेतलं तर ८७ किलोत तेवढंच स्फुरद येतं. त्यातूनच जवळपास १६ किलो नत्रही मिळतं, म्हणून वर फक्त नऊ-दहा किलो युरिया. वाहतूक आणि पोती उचलायचं काम कमी होतं, हे खरं. तरी या रानाला मी सुपरच सांगितलं. पाच पोती सुपरमधून साधारण २७ किलो गंधक आपोआप पडतो आणि डीएपीत गंधक धरण्याजोगा नसतो. सोयाबीन तेलबिया पीक आहे, दाण्यात तेल भरायला त्याला गंधक लागतो, आणि इथे अहवालच गंधक कमी आहे म्हणतोय. सुपर मिळालंच नाही तर डीएपीसोबत ९० टक्क्यांचा दाणेदार गंधक एकरी नऊ-दहा किलो द्या. तो जमिनीत विरघळायच्या रूपात यायला वेळ लागतो, म्हणून पेरणीच्या थोडा आधी, कुळवाच्या शेवटच्या पाळीत मिसळा.

काही कार्डांवर खतांच्या दोन जोड्या पोत्यांच्या हिशेबासह छापलेल्या असतात. त्या शेजारी हेक्टर लिहिलंय की एकर, एवढं बघून घ्या.

खत सगळं पेरणीलाच द्यायचं, पण बियाला चिकटून नाही. कुरीने बियाच्या खाली आणि थोडं बाजूला पडलं पाहिजे. युरिया बियाला लागला तर उगवण मार खाते. सुपर आणि युरिया एकत्र करून रात्रभर ठेवू नका, ओलावा धरून चिकटतात आणि नळीत अडकतात. लागेल तेवढंच त्या वेळी मिसळा. जस्तासाठी झिंक सल्फेट एकरी १० किलो, तेही सुपर-डीएपीत न मिसळता शेणखतात मिसळून वेगळं पसरा. स्फुरदाशी गाठ पडली की जस्त मुळांना मिळत नाही. बियाला रायझोबियम चोळून सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा.

नत्र ‘कडिमे’ दिसलं म्हणून महिन्याने पुन्हा युरिया फेकू नका. साधारण चाळीसाव्या दिवशी वाफश्यावर दोन-तीन झाडं खुरप्याने मुळासकट अलगद काढा, मुळं पाण्यात बुडवून माती सोडवा. मुळांवर वाटाण्याएवढ्या किंवा लहान गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर असेल तर हवेतलं नत्र पिकाला मिळतंय, वरून काही द्यायचं नाही. गाठी मोजक्या असतील, आत पांढऱ्या किंवा हिरवट असतील आणि झाडाची खालची पानं फिकट पडत असतील, तरच दोन टक्के युरियाची फवारणी करा, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम.