जिमची वर्षाची फी एकदम भरताना होणाऱ्या या चुका टाळा

जानेवारीत जिमच्या काउंटरवर भाव असा सांगतात: महिन्याला अडीच हजार, वर्षाचे मात्र फक्त अठरा हजार, वर तीन महिने फ्री. आपण मनात अठराला बारांनी भागतो, दीड हजार येतात आणि लगेच यूपीआय करतो. करार नंतर मेलवर येतो, नाहीतर पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेला असतो. पहिली चूक इथेच होते. आधी तो कागद मागा, पैसे नंतर.

त्यात रिफंडचं कलम सर्वांत आधी शोधा. ‘नॉन-रिफंडेबल’ असं सरळ लिहिलेलं असेल तर निदान कळतं तरी. फसवतं ते दुसरं वाक्य: ‘वापरलेल्या कालावधीची आकारणी मासिक दराने होईल.’ चार महिन्यांनी बदली झाली असं धरा. तुमच्या हिशेबाने आठ महिने उरले, म्हणजे बारा हजार परत यायला हवेत. जिमच्या हिशेबाने चार महिन्यांचे अडीच हजाराने दहा हजार गेले, नोंदणीचे हजार गेले आणि रद्द करण्याचा आकार वीस टक्के, म्हणजे ३,६०० गेले. हातात उरले ३,४००. सातव्या महिन्यात गेलात तर काहीच उरत नाही. म्हणून कागदावर दीड हजाराचा दर आहे की अडीच हजाराचा, एवढं एक वाक्य पाहिलं तरी अर्धं काम झालं.

मेंबरशिप काही दिवस थांबवण्याच्या, म्हणजे फ्रीझच्या बाबतीत मी स्वतः आपटलोय. घोटा मुरगळला, डॉक्टरांनी सहा आठवडे बंद सांगितलं. मी ट्रेनरला फोन केला. तो म्हणाला, “दादा, तुम्ही आराम करा, आपण बघू ना.” परत गेलो तर अ‍ॅपमध्ये दिवस जसेच्या तसे संपलेले. कलमात लिहिलं होतं की अर्ज फ्रीझ सुरू व्हायच्या आधी लेखी द्यायचा, मागच्या तारखेने मिळणार नाही, एका वेळी किमान पंधरा दिवस आणि वर्षात दोनदाच. ट्रेनर तोपर्यंत नोकरी सोडून गेला होता, त्यामुळे भांडायचं तरी कुणाशी! तेव्हापासून मी असं काहीही मेलवर किंवा जिमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून टाकतो, उत्तर आलं की स्क्रीनशॉट ठेवतो आणि दोन दिवसांनी अ‍ॅपमधली शेवटची तारीख पुढे सरकली का ते बघतो. ती सरकली नसेल तर फ्रीझ झालेलं नाही.

फ्री महिन्यांचंही विचारा. बऱ्याच ठिकाणी ते फ्रीझ होत नाहीत, ट्रान्स्फर होत नाहीत आणि रिफंडच्या हिशेबात तर येतच नाहीत.

‘ट्रान्स्फर होतं ना?’ या प्रश्नाला काउंटरवर हमखास ‘हो’ येतं. पण त्यांच्या मनात दुसरी शाखा असते आणि आपल्या मनात दुसरा माणूस. ‘माझी मेंबरशिप बहिणीच्या नावावर होईल का’ असं स्पष्ट विचारा. मग अटी बाहेर येतात: ती पूर्वी कधी मेंबर नसावी, किमान तीन महिने शिल्लक असावेत, शुल्क दोन हजार. शिल्लक साडेचार हजारांची असेल तर त्यात फारसा अर्थ नाही.

हप्त्यांवर घेत असाल तर आणखी एक बघा. ‘नो कॉस्ट ईएमआय’ हे बहुतेक वेळा वित्तसंस्थेचं कर्ज असतं. जिम बंद पडली तरी हप्ता कापला जातच राहतो, आणि थकला तर सिबिल आपलं बिघडतं.

कोचिंग क्लासची गोष्ट थोडी वेगळी आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, पूर्ण फी भरून मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी प्रमाणात, दहा दिवसांत परत द्यायची. क्लासचं वसतिगृह असेल तर त्याची आणि मेसचीही. फॉर्मवर याच्या उलट छापलेलं असेल तर प्रवेशाआधीच त्यावर बोट ठेवा.

जिमने सांगितलेली सेवाच दिली नाही, म्हणजे शाखा बंद केली किंवा वेळा निम्म्यावर आणल्या, तर ‘नॉन-रिफंडेबल’चा शिक्का ही शेवटची गोष्ट नाही. आधी लेखी मागणी करा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे मिटलं नाही तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. मात्र आपलं मन बदललं म्हणून सोडत असाल तर बाजू कमकुवत असते, तिथे सही केलेला कागदच बोलतो. म्हणून ‘रिफंड उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात’ एवढी ओळ मॅनेजरकडून पावतीवरच सही-शिक्क्यासह लिहून घ्या. नाही म्हणाला तर तीन महिन्यांचीच फी भरा.