हॉट किचनच्या नव्या हेल्परला

राम राम भाऊ,

सोमवारपासून तू आमच्याकडे हॉट किचनला येतोयस. एचआरने नियमांचा छापील कागद तुझ्या हातात दिलाच असेल. त्यात काय करायचं ते आहे, कशासाठी ते नाही, म्हणून हे लिहितोय.

युनिफॉर्मचे दोन जोड मिळतील. कोट सुती आहे. त्याच्या आत टेरिकॉटचं काही घालू नकोस, कारण तसलं कापड आचेजवळ वितळून कातडीला चिकटतं. उकडतं म्हणून बाह्या वर सरकवाव्याशा वाटतील, पण फ्रायरजवळ त्या खालीच हव्यात. ॲप्रनची गाठ पुढे बांध. अंगावर गरम तेल सांडलं तर क्षणात सोडता येते. खांद्यावरचं फडकं कायम कोरडं पाहिजे. ओल्या फडक्याने तापलेली कढई धरलीस, तर पाण्याची वाफ होऊन तळहात भाजतो. संडासला जाताना ॲप्रन बाहेर काढून ठेवायचा. घड्याळ, कडं, अंगठी लॉकरमध्ये. मनगटातला गंडा काढायचा नसेल तर सूस शेफना आधीच सांग, मार्ग निघतो.

हात धुवायचं बेसिन वेगळं आहे, त्यात भाजी किंवा भांडी धुवायची नाहीत. साबण लावून निदान २० सेकंद चोळायचे. कच्च्या चिकननंतर धुवायचे हे सगळ्यांना कळतं. मोबाइलला हात लावल्यावर मात्र निम्मे लोक विसरतात. ग्लोव्ह्ज घातले म्हणून धुण्यातून सुटका नाही. बोट कापलं तर निळी पट्टी लाव, तिच्यावर ग्लोव्ह. निळी अशासाठी, की जेवणात पडली तर लगेच दिसते.

आता भाताचं. आमच्याकडे सर्वात जास्त धोका मटणापेक्षा उरलेल्या भाताचा, हे नवीन माणसाला पटत नाही. तांदळात काही जिवाणूंचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम करून जात नाही. म्हणून ‘संध्याकाळी फोडणी मारू, काय होतंय’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस.

समज, सव्वातीनला लंच संपला आणि टोपात पाच-सहा किलो गरम भात उरला. टोप तसाच झाकून फ्रीजमध्ये ढकललास तर वरचा भात गार होईल, मधला रात्रीपर्यंत कोमट राहील. म्हणून तो उथळ ट्रेंमध्ये दोन इंचांपेक्षा कमी थर होईल असा पसरायचा आणि प्रत्येक ट्रेवर नाव, तारीख, वेळ लिहायची. भात ६० अंशांखाली उतरल्यापासून दोन तासांत २१ अंशांवर आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांवर आला पाहिजे. थर्मामीटर पुसून ट्रेच्या मधोमध खुपसायचा, कडेला नाही. साडेपाचला बघितलंस आणि काटा २८ वर असेल, तर पुन्हा फ्रीजमध्ये सरकवून गप्प बसू नकोस. तुझ्या सीडीपीला, म्हणजे सेक्शन सांभाळणाऱ्या शेफला, दाखव. तो भात टाकायला लावेल. टाकायचा निर्णय त्याचा, सांगायचं काम तुझं. सगळं नीट असेल तरी शेवटचं तापमान तुझी ड्यूटी संपल्यावर घ्यायचं असतं. म्हणून सातला निघताना रात्रीच्या हेल्परला ट्रे दाखवून, वेळ सांगून जा.

तुझी शिफ्ट १० ते ७. स्टाफचं जेवण साडेअकराला, अर्धा तास. तेव्हा भूक नसली तरी जेवून घे, कारण लंच सुरू झाला की कोणी सोडणार नाही. चहा चारला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यानुसार सलग ठरावीक तासांपेक्षा जास्त काम अर्ध्या तासाच्या सुट्टीशिवाय करून घेता येत नाही. कामाच्या रेट्यात तुझा ब्रेक राहिलाच तर सीडीपीला आठवण कर, त्यात लाजायचं काही नाही. खाणं कॅफेटेरियात, किचनच्या टेबलापाशी उभ्या उभ्या चव बघणं हेल्परचं काम नाही.

कोणाचं ऐकायचं, यात पहिले काही दिवस गोंधळ होईल. रोजचं काम कॉमी, म्हणजे ज्युनियर कुक, सांगेल, सेक्शनचा मालक सीडीपी, त्याच्यावर सूस शेफ, मग शेफ. बाहेरचा कॅप्टन घाईत थेट तुलाच ‘दोन पापड टाक’ म्हणेल; केओटी, म्हणजे किचनला येणारी ऑर्डरची चिठ्ठी, नसेल तर सीडीपीकडे बघ. भांडी स्टुअर्डिंगची, त्यांचा सुपरवायझर वेगळा आहे, त्यांच्या पोरांना हुकूम सोडू नकोस. सुट्टी आणि ड्यूटी चार्टचं सूस शेफ बघतात, पगाराचं एचआर. सीडीपीचाच त्रास असेल तर त्याला वगळून सूस शेफकडे जायची मुभा आहे.

जुलाब, उलटी किंवा ताप असेल तर येऊन सांगायचं नाही, घरूनच सूस शेफना फोन करायचा. जुलाब-उलटी थांबल्यावरही ४८ तास किचनमध्ये पाय ठेवायचा नाही. पहिल्या महिन्यात खाडा नको म्हणून लपवलंस, तर गिऱ्हाइकांआधी आम्हीच आडवे होऊ.

सोमवारी पावणेदहाला मागच्या गेटने ये. मेडिकल फिटनेसचा कागद आण, नखं कापून ये, आणि सिक्युरिटीला हॉट किचनच्या सीडीपीला बोलवायला सांग.