गावच्या वाचनालयाचं निधी-आवाहन मराठी आणि इंग्रजीत कसं लिहावं

“इंग्रजी पान तयार आहे, तेवढं मराठीत करून द्या,” असं कुणी म्हटलं की मी ते पान आधी बाजूला ठेवायला सांगते. वाचनालयाची घटना, कार्यकारिणीचा ठराव, कपाटवाल्याचं कोटेशन हे सगळं मुळात मराठीत असतं. कुणीतरी त्याचं इंग्रजी करायचं आणि दुसऱ्याने त्या इंग्रजीवरून पुन्हा मराठी करायचं, यात आकडे तेच राहतात पण आश्वासनं बदलतात. म्हणून मराठी मजकूर आधी पक्का करा आणि इंग्रजी त्याच्यावरून लिहा.

पहिली पायरी, अंदाजपत्रक. मावळातल्या एका वाचनालयासाठी आम्ही मांडलेला हिशोब असा होता: पुस्तकं १,२०,००० रुपये, पाच लोखंडी कपाटं ७०,०००, टेबल-खुर्च्या ३८,०००, वायरिंग आणि दिवे २२,०००, नोंदवह्या, शिक्के आणि जुन्या पुस्तकांची बांधणी १०,०००, देणगीदारांना द्यायच्या भेटी आणि टपाल २०,०००. एकूण २,८०,००० रुपये. त्यात निधी गोळा करणाऱ्या ऑनलाइन मंचाचं शुल्क मिळवायचं होतं. आमच्या मंचाचं ते जमा रकमेच्या ५ टक्के, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे शंभरामागे ५ रुपये ९० पैसे होतं. उद्दिष्ट ३,००,००० धरलं तर शुल्काचे १७,७०० जातात आणि २,३०० किरकोळ खर्चाला उरतात. शुल्काची ओळ दोन्ही पानांवर दाखवाच. ती लपवली तर पहिला प्रश्न तिच्यावरच येतो.

पुस्तकांच्या ओळीपाशी थांबा. १,२०,००० ही आमची प्रत्यक्ष देय रक्कम होती. छापील किंमत १,६०,००० आणि त्यावर २५ टक्के सवलत. मराठी पानावर ‘छापील किमतीवर सवलत धरून’ असं लिहिलं होतं आणि इंग्रजीत नुसतं पुस्तकांचं मूल्य. एका देणगीदाराने पुस्तकांवरच्या किमती जोडल्या आणि आकडा का जुळत नाही असं विचारलं. तो विचारणारच. तसंच ‘मानधन’ असेल तर इंग्रजीत ‘सॅलरी’ करू नका, ‘ऑनरेरियम’ लिहा. नाहीतर वाचणारा त्या रकमेला बाराने भागतो आणि ग्रंथपालाला एवढाच पगार का, असं विचारतो.

आकडे लिहिताना मराठी पानावर देवनागरी अंक चालतात, पण खाते क्रमांक आणि यूपीआयचा पत्ता दोन्हीकडे इंग्रजी अंकांतच द्या. देवनागरी १ हा इंग्रजी नवासारखा आणि ४ हा इंग्रजी आठासारखा वाचला जातो.

दुसरी पायरी इंग्रजी पान उघडण्याआधीची आहे. संस्थेची विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० खाली नोंदणी किंवा परवानगी नसेल, तर परदेशी नागरिकाकडून पैसे घेता येत नाहीत. तो मूळचा मराठी असला तरीही नाही. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे असे अनिवासी भारतीय स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतात. हे इंग्रजी पानाच्या वरच्या भागात, स्पष्ट वाक्यात लिहा. ‘जगभरातून मदत करा’ हे वाक्य काढून टाका, कितीही छान वाटलं तरी.

आता जिथे माझी खरी फजिती झाली ती पायरी: देणगीच्या बदल्यात काय द्यायचं. इंग्रजीतल्या ‘रिवॉर्ड’चं मी पहिल्या वेळी ‘बक्षीस’ केलं होतं. बक्षीस स्पर्धेत मिळतं किंवा नोकराच्या हातावर ठेवलं जातं. ते देणगीदाराला कसं देणार? ‘मोबदला’ त्याहून वाईट, कारण मग देणगी राहत नाही, विक्री होते. आता मी ‘वाचनालयाकडून सप्रेम भेट’ असा मथळा देते. पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहिले जाणारे हे शब्द प्रत्येक वाचकाच्या ओळखीचे आहेत.

शब्दापेक्षा मोठी चूक त्याच यादीत होती. इंग्रजी मजकुरात २,००० रुपयांच्या ओळीपुढे ‘लाइफ मेंबरशिप’ होतं. मी सरळ ‘आजीव सभासदत्व’ लिहिलं. त्या वाचनालयाच्या घटनेप्रमाणे आजीव सभासद वार्षिक सर्वसाधारण सभेत मत देतो आणि त्याची वर्गणी ५,००० होती. महिन्याभरात २३ जणांनी ती ओळ निवडली. सभेत जुन्या सभासदांनी विचारलं की आम्ही ५,००० भरले, मग हे २,००० मध्ये मतदार कसे? त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्या २३ जणांना मी एकेकाला फोन करून समजावलं. ते काम परत कुणाच्या वाट्याला येऊ नये. म्हणून ‘सभासद’, ‘आश्रयदाता’, ‘हितचिंतक’ असा कुठलाही शब्द वापरण्याआधी घटना उघडा आणि तो तिथे आहे का ते पाहा. असेल तर भेटींच्या यादीत तो नको. ‘ग्रंथमित्र’ही टाळा. ग्रंथालय कार्यकर्त्यांना राज्य शासन त्या नावाने पुरस्कार देतं. भेट म्हणजे जे हातात येतं किंवा डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहा: आभारफलकावर नाव, कपाटावर पाटी, गावच्या मुलांनी काढलेलं चित्रकार्ड.

नावांच्या पाटीत आणखी एक अडचण आहे आणि ती भाषेचीच आहे. इंग्रजी पानावर ‘तुमचं नाव कपाटावर’ असं असतं. मराठी देणगीदारांपैकी बहुतेकांना स्वतःचं नाव नको असतं. त्यांना आईचं, वडिलांचं हवं असतं, ‘कै.’ लावून, ‘स्मरणार्थ’ म्हणून. म्हणून मी दोन्ही पानांवर ‘तुम्ही सांगाल ते नाव’ असं लिहिते आणि अर्जात त्याची वेगळी जागा ठेवते. पाटी देवनागरीत रंगवली जाणार असेल, तर इंग्रजी पानावर नाव देवनागरीत लिहून मागा. इंग्रजी अक्षरांवरून काळे की काले, काणे की काने हे पेंटर कसं ओळखणार? माझ्या डोळ्यांसमोर एका बाईंच्या वडिलांचं आडनाव चुकून रंगवलं गेलं. पाटी अडीचशे रुपयांत बदलली, पण त्या बाई उद्घाटनालाच आल्या होत्या आणि त्यांनी ती आधी पाहिली.

मुदतही दोन्हीकडे एकच हवी. मराठीत ‘दिवाळीपर्यंत’ आणि इंग्रजीत तारीख, असं नको. दोन्हीकडे तारीखच द्या. भेटी फक्त भारतातल्या पत्त्यावर जातील, हेही लिहा, कारण वरच्या २०,००० मध्ये परदेशी टपाल बसत नाही.

गावाची गोष्ट इंग्रजीत लिहिणं सोपं आहे. ‘देवघेव’, ‘अनामत’ असे शब्द एकेका वाक्यात समजावून सांगा आणि पुढे चला.

शेवटी दोन्ही पानांची छपाई घ्या. एकाने मराठीतली प्रत्येक रक्कम, तारीख आणि भेट मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने इंग्रजीवर टिंब द्यायचं. अर्धा तास लागतो. दुसरा माणूस कार्यकारिणीतला असावा, कारण ‘हे आपण कधी ठरवलं?’ असं तोच विचारू शकतो. पान सुरू झाल्यावर एखादा आकडा बदलला, तर दुसऱ्या भाषेतलं पान त्याच दिवशी बदला आणि दोन्हीवर तारखेसह ‘दुरुस्त’ लिहा.