जंगलाच्या पाटीचा फोटो आला, तर ती पाहुण्याला कशी समजावावी

पावसाळा लागला की ठाण्यात राहणाऱ्यांना असे फोटो येऊ लागतात. बाहेरगावचा मित्र किंवा ऑफिसातला सहकारी येऊरच्या पायथ्याशी उभा असतो, समोर वनविभागाची हिरवी पाटी असते आणि खाली एवढंच लिहिलेलं असतं, "यात काय म्हटलंय?" यावर बहुतेक जण शब्दाला शब्द ठेवून भाषांतर पाठवतात. त्याला त्याचा उपयोग नसतो. त्याला तीन गोष्टी कळायला हव्यात: आत जाता येईल का, कुठे जायचं नाही, आणि किती वाजता मागे फिरायचं.

१. पूर्ण पाटीचा फोटो मागा. चारही कोपरे दिसले पाहिजेत. पाटी कोणी लावली आणि कधी लावली हे सर्वात खाली बारीक अक्षरात असतं, आणि फोटोत नेमकं तेच कापलं जातं.

२. पाटी कायमची की हंगामी, ते ठरवा. पत्र्यावर रंगवलेली आणि खाली "वनपरिक्षेत्र अधिकारी" लिहिलेली पाटी सहसा कायमची असते. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथला प्रवेश वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली चालतो आणि ते नियम बारा महिने लागू असतात. फ्लेक्सवर छापलेला "मनाई आदेश" मात्र वेगळा. तो जिल्हा किंवा पोलीस प्रशासनाचा असतो आणि त्याला मुदत असते. १ जुलै २०२४ पासून असे आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. त्याआधी ते कलम १४४ खाली निघत. म्हणून फ्लेक्सवर कलम १४४ दिसलं तर तो जुना समजा. पण "जुना आहे, जा खुशाल" असं कळवू नका. धबधब्यांवरची बंदी दर पावसाळ्यात नव्याने काढली जाते, त्यामुळे या वर्षीचा आदेश कदाचित अजून त्या खांबापर्यंत पोहोचलेला नसेल. जिल्ह्याच्या ताज्या बातम्या पाहा, मगच उत्तर द्या.

३. वेळ. सगळ्या चुका इथे होतात.

"सायं. ४" मधला ४ मराठी न वाचणाऱ्याला इंग्रजी आठासारखा दिसतो, १ हा नऊसारखा आणि ५ हा चारासारखा. तुमचा पाहुणा आठ वाजेपर्यंत वेळ आहे असं समजून निवांत चढतो. म्हणून वेळ नेहमी अक्षरात कळवा, "दुपारी चार". फोटोत रंग उडालेला असेल तर १ आणि ९ आपल्यालाही फसवतात. अशा वेळी अंदाज करू नका, जवळून काढलेला दुसरा फोटो मागा.

दुसरा गोंधळ "प्रवेश बंद" या शब्दांचा. त्याचा अर्थ त्या वेळेनंतर आत सोडणार नाहीत, एवढाच. आत असलेल्यांनी कधी बाहेर पडायचं ते बहुधा वेगळ्या ओळीत असतं. उदाहरणादाखल अशी पाटी घ्या: "प्रवेश स. ७ ते दु. २. सायं. ४ नंतर वनक्षेत्रात थांबण्यास सक्त मनाई." दोनपर्यंत आत जाता येतं, हे खरं. पण दोन वाजता शिरलेल्याच्या हातात जाऊन येऊन दोनच तास उरतात. पाहुण्याला दोन्ही वेळा सांगून तुमचं काम संपत नाही. त्याच्या कामाची वेळ तिसरीच आहे, मागे फिरण्याची, आणि ती पाटीवर लिहिलेली नसते. ती तुम्ही काढून द्यायची.

तो साडेअकराला फाटकाशी आहे असं धरा. चारपर्यंत साडेचार तास, म्हणजे २७० मिनिटं. वाट चुकणं, पाय मुरगळणं, सर येणं यासाठी ३० मिनिटं बाजूला ठेवा. उरली २४०, त्याचे निम्मे १२०. म्हणजे दीड वाजता तो जिथे असेल तिथून मागे फिरेल, मग माथा शंभर पावलांवर का असेना. उतरायला कमी वेळ लागतो हा हिशेब कोरड्या वाटेचा आहे. पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडांवरून उतरताना चढण्याइतकाच वेळ जातो, म्हणून निम्मे-निम्मेच धरा.

"जुलैत सात वाजून गेले तरी उजेड असतो, मग चारला बंद कशाला?" हा प्रश्न हमखास येतो. ढग दाटले की झाडांखाली सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी काळोख होतो, आणि येऊरच्या जंगलात बिबटे आहेत. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत त्यांची हालचाल वाढते. बंद होण्याची वेळ आणि बिबट्याची ओळ पाटीवर वेगवेगळ्या ठिकाणी असतात, पण समजावताना एकत्र सांगा. कारण कळलं की माणूस वेळ पाळतो.

४. प्राण्यांच्या ओळी कृतीत सांगा. "बिबट्याचा वावर" म्हणजे तो इथून नेहमी ये-जा करतो. "खाली वाकू किंवा बसू नये" ही ओळ भाषांतरात हास्यास्पद वाटते, पण सर्वात महत्त्वाची तीच. वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस बिबट्याला लहान सावजासारखा दिसतो. तेव्हा सांगा: एकट्याने जाऊ नका, मुलांना मधे ठेवा, बिबट्या दिसलाच तर उभे राहा, पळू नका, हळूहळू मागे सरका.

पाहुणा हिंदी भाषक असेल तर दोन शब्द आवर्जून फोडून सांगा. "शिक्षा होईल" म्हणजे दंड किंवा कैद, शिक्षण नव्हे. "प्राण्यांची चेष्टा करू नये" म्हणजे त्यांना छेडू नका. लिपी ओळखीची असल्यामुळे तो विचारणार नाही, आपल्याला कळलं असंच समजेल.

५. हवामानाची ओळ. "अतिवृष्टीच्या इशाऱ्यावेळी प्रवेश बंद" असं असेल तर हवामान विभागाचा त्या दिवसाचा जिल्हानिहाय इशारा पाहा. इथे नवी मुंबईकर हटकून चुकतात. येऊर आणि बेलापूर ठाणे जिल्ह्यात आहेत, पण खारघरचा डोंगर आणि पांडवकडा रायगडमध्ये. खारघरला निघालेल्याला ठाण्याचा इशारा वाचून दाखवणं निरुपयोगी आहे. "ओढ्याच्या पात्रात उतरू नये" याचा अर्थ पाऊस थांबलेला असतानाही उतरू नये. पाऊस वर डोंगरात पडतो आणि लोंढा काही वेळाने खाली येतो. पाणी अचानक गढूळ झालं किंवा त्यात काटक्या-पाला वाहून येऊ लागला, की सामान तिथेच टाकून काठावर चढायचं.

६. उत्तर थोडक्यात पाठवा, डोंगरात रेंज जाण्याआधी. वरच्या पाटीसाठी एवढं पुरे: "आज आत जाता येईल, इशारा नाही. दुपारी दीड वाजता जिथे असशील तिथून मागे फिर. दुपारी चारच्या आत फाटकाबाहेर ये आणि मला फोन कर. ओढ्यात उतरू नकोस. सोबत सोडू नकोस, वाटेत खाली बसू नकोस. अडचण आली तर वनविभाग १९२६, नाहीतर ११२."

चारला फोन आला नाही तर साडेचारपर्यंत तुम्ही लावून पाहा. लागला नाही, तर पाटीचा तोच फोटो आणि तो कोणत्या फाटकातून आत गेला ते हाताशी ठेवून १९२६ ला कळवा.