घोटा मुरगळलाय की मोडलाय?

सूज स्प्रेनमध्येही येते आणि फ्रॅक्चरमध्येही, त्यामुळे तिच्यावरून अंदाज बांधू नका. स्प्रेन म्हणजे हाडांना जोडणारं लिगामेंट ताणलं किंवा फाटलं, स्ट्रेन म्हणजे स्नायू ताणला, फ्रॅक्चर म्हणजे हाड मोडलं. मग ते नुसती चीर गेलेलं का असेना.

१. घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांची मागची कड, टोकापासून ६ सेंमी वरपर्यंत, बोटाने दाबा.
२. पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावरचं टोकदार हाड दाबा, आतल्या बाजूला कमानीवरचंही.
३. चार पावलं टाकून बघा. लंगडत टाकली तरी चालतील.

नेमकं हाडावरच दुखलं किंवा चार पावलं जमली नाहीत, तर एक्स-रे काढा. मधुमेहाने पाय बधिर असेल तर या चाचणीवर विसंबू नका.

सांधाच वाकडा दिसला तर डिसलोकेशन, म्हणजे सांधा निखळलेला असू शकतो. तेव्हा दाबणं, चालणं, ओढून बसवणं काहीच नको. आहे तसाच आधार देऊन लगेच दवाखाना गाठा.